कॅन्सरच्या औषधाचे माप: किलो नव्हे, चौरस मीटर!

घरातल्या कोणाला कॅन्सर झाला आणि केमोथेरपी सुरू झाली की, हातात एक कागद येतो. त्यावर औषधांची अवघड नावे असतात, तारखा असतात आणि कोपऱ्यात रुग्णाची उंची, वजन आणि त्यापुढे एक चमत्कारिक आकडा असतो. १.४८ चौरस मीटर, १.५८ चौरस मीटर, असा काहीतरी. चौरस मीटर हे माप आपल्याला घराच्या कार्पेट एरियासाठी ठाऊक असते. माणसाच्या आजारपणाशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. पण आधीच इतके प्रश्न असतात की हा विचारायचा राहून जातो.

वास्तविक त्या कागदावरचा हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. औषध किती मिलिग्रॅम द्यायचे, हे त्यावरून ठरते. तो आकडा म्हणजे रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. सोप्या भाषेत सांगायचे तर, अंगावरची सगळी त्वचा उलगडून जमिनीवर पसरली, तर ती किती जागा व्यापेल, त्याचा हिशेब.

तापाची गोळी आणि केमोथेरपी

ताप आला की घरातली मोठी माणसे एक गोळी घेतात. घेणारा पन्नास किलोचा असो की ऐंशी किलोचा, गोळी तीच. हे चालते, कारण त्या औषधाची गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत बरेच अंतर असते. थोडे कमीजास्त झाले तरी बिघडत नाही.

केमोथेरपीच्या औषधांचे तसे नाही. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हे त्यांतल्या बहुतेकांचे काम. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतात. पण रक्त तयार करणारा अस्थिमगज, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतले अस्तर, केसांची मुळे, यांतल्या पेशीही तशाच वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. बऱ्याच औषधांनंतर या पांढऱ्या पेशी साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत खाली जातात आणि मग पुन्हा चढू लागतात. मात्रा बेताची असेल तर त्या चढतात. फार जास्त झाली तर त्या वेळेवर चढत नाहीत आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. उलट मात्रा कमी पडली तर त्रास तेवढा होत नाही, पण कॅन्सरच्या पेशीही वाचतात. पाऊलवाट अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना उतार आहे.

किलोने का मोजत नाहीत?

मग वजनाप्रमाणे औषध द्यावे, हे सर्वांत सरळ. पण त्यात एक अडचण आहे. शरीर औषध किती वेगाने वापरते आणि बाहेर टाकते, हे मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे यांच्या कामावर अवलंबून असते आणि हे काम वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. लहान प्राण्याच्या शरीरातली भट्टी मोठ्या प्राण्यापेक्षा दर किलोमागे जास्त जोरात पेटलेली असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मॅक्स रुबनर याने १८८३ मध्ये लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजमापे केली, तेव्हा कुत्र्यांची उष्णता त्यांच्या वजनापेक्षा शरीराच्या पृष्ठभागाशी अधिक जुळते, असे त्याला दिसले.

एक उदाहरण घेऊ. ११० सेंटिमीटर उंचीचे, १८ किलो वजनाचे मूल आणि १५५ सेंटिमीटर उंचीची, ५८ किलो वजनाची बाई. मुलाचे वजन बाईच्या वजनाच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. पण पृष्ठभाग काढला तर मुलाचा येतो ०.७४ चौरस मीटर आणि बाईचा १.५८. म्हणजे जवळजवळ निम्मा! किलोप्रमाणे औषध दिले असते, तर मुलाला ते बरेच कमी पडले असते.

अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनी १९५८ साली हीच गोष्ट कॅन्सरच्या औषधांबाबत मांडली. उंदीर, मूल आणि मोठा माणूस यांना चालणाऱ्या मात्रा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. किलोच्या हिशेबात त्या कुठल्याकुठे फाकत होत्या. चौरस मीटरच्या हिशेबात जवळ आल्या. प्रयोगशाळेतल्या उंदरावरून माणसाला पहिला डोस किती द्यायचा, हे ठरवणाऱ्यांना याचा मोठाच उपयोग होता. तेव्हापासून ‘दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम’ ही कॅन्सरच्या औषधांची भाषा बनली. येथे एक गैरसमज टाळायला हवा. औषधाचा कातडीशी काही संबंध नाही. पृष्ठभाग हा फक्त शरीराच्या कामाच्या वेगाचा अंदाज देणारा आकडा आहे.

हिशेब कसा करतात?

माणसाची त्वचा मोजणार कशी? न्यूयॉर्कमध्ये डेलाफील्ड द्यू बॉय आणि यूजीन द्यू बॉय या दोघांनी अवघ्या नऊ माणसांच्या अंगाचे साचे घेऊन त्यांचे क्षेत्रफळ मोजले आणि १९१६ मध्ये उंची आणि वजन यांवरून ते काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. ते अचूक म्हणून गाजले, पण त्यातले अपूर्णांकातले घात हाताने सोडवणे म्हणजे डोकेदुखी. १९८७ मध्ये मोस्टेलर यांनी साध्या कॅल्क्युलेटरवर जमेल असे सूत्र दिले. आज अनेक रुग्णालयांत तेच वापरतात. ते असे:

उंची (सेंटिमीटर) गुणिले वजन (किलो), त्याला भागिले ३६००, आणि आलेल्या उत्तराचे वर्गमूळ.

वरच्याच बाईंचा हिशेब करून पाहू. समजा, त्यांना स्तनाचा कॅन्सर आहे आणि शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यायची आहे. १५५ गुणिले ५८ म्हणजे ८९९०. त्याला ३६०० ने भागले की साधारण २.५० येतात. त्याचे वर्गमूळ १.५८. हा त्यांचा पृष्ठभाग.

आता औषधे. स्तनाच्या कॅन्सरसाठी फार वर्षे वापरात असलेल्या एका जोडीत डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम आणि सायक्लोफॉस्फामाइड ६०० मिलिग्रॅम देतात. ६० ला १.५८ ने गुणले की ९४.८ येतात, म्हणजे जवळपास ९५ मिलिग्रॅम. ६०० ला गुणले की ९४८, म्हणजे सुमारे ९५० मिलिग्रॅम. द्रवरूपातल्या डॉक्सोरुबिसिनच्या एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम औषध असेल, तर ९५ मिलिग्रॅमसाठी साडेसत्तेचाळीस मिलिलिटर द्रव भरावा लागेल. हिशेब एवढाच. सातवी-आठवीतल्या मुलालाही जमावा असा.

मग चुकते कुठे?

साधे आकडे, मोठे घोटाळे

पहिली चूक अगदी सुरुवातीला, वजनकाट्यावरच होते. समजा, घाईत कोणी ५८ च्या जागी ८५ लिहिले. पृष्ठभाग १.५८ ऐवजी १.९१ होतो आणि डॉक्सोरुबिसिन ९५ च्या जागी ११५ मिलिग्रॅम ठरते. पाचव्या हिश्श्याहून जास्त औषध. गंमत म्हणजे पुढचा सगळा गुणाकार अगदी बरोबर असतो! कागद कितीही वेळा तपासला तरी चूक सापडणार नाही. कारण ती कागदावर नाही, काट्यावर आहे. म्हणून चांगल्या विभागात रुग्णाला विचारून वजन लिहीत नाहीत. दर वेळी काट्यावर उभे करतात आणि आलेला आकडा मागच्या खेपेच्या आकड्याशी ताडून पाहतात. तीन आठवड्यांत सत्तावीस किलो वजन वाढत नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल, पण मागचा आकडा समोर असला तर.

वजन खरोखरच बदलते, तेव्हा काय करायचे? आपल्या उदाहरणातल्या बाईंचे जेवण तुटले आणि वजन ५८ वरून ५० वर आले, असे धरू. वजन घटले जवळजवळ चौदा टक्के. पण सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे पृष्ठभाग १.४७ वर येतो, म्हणजे सातच टक्के घटतो. डॉक्सोरुबिसिनची मात्रा ८८ मिलिग्रॅम होते. म्हणून किलो-अर्धा किलो इकडेतिकडे झाल्यास डॉक्टर डोस बदलत नाहीत. साधारण पाच ते दहा टक्के फरक पडला की नव्याने हिशेब मांडतात. पोटात पाणी झाल्यामुळे वजन वाढले असेल तर तो आकडा फसवा असतो, हेही त्यांना पाहावे लागते.

दुसऱ्या चुका नावांच्या. डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन, या जोड्या उच्चारायला आणि वाचायला भावंडांसारख्या आहेत, पण त्यांच्या मात्रा वेगवेगळ्या आहेत. कार्बोप्लॅटिनच्या हिशेबाचे शेकडो मिलिग्रॅम चुकून सिसप्लॅटिनचे भरले गेले, तर मूत्रपिंडे आणि कान यांना कायमची इजा होऊ शकते, मृत्यूही ओढवू शकतो.

तिसरी चूक सर्वांत फसवी. तिच्यात वजन बरोबर असते, औषध बरोबर असते, गुणाकारही बरोबर असतो. तिची कहाणी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात घडली.

बोस्टनमधले चार दिवस

बेट्सी लेमन ही ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्रात आरोग्यावर लिहिणारी पत्रकार. वय ३९, दोन लहान मुलींची आई. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि १९९४ च्या अखेरीस ती डाना-फार्बर या जगप्रसिद्ध कॅन्सर संस्थेत दाखल झाली. तिचा नवराही त्याच संस्थेत संशोधक होता. उपचार एका संशोधन प्रयोगाचा भाग होता. सायक्लोफॉस्फामाइड नेहमीपेक्षा खूप मोठ्या मात्रेत द्यायचे आणि नंतर रुग्णाच्याच रक्तातून आधी काढून ठेवलेल्या मूळपेशी परत देऊन अस्थिमगज सावरायचा, अशी ती योजना होती.

योजनेप्रमाणे मात्रा होती दर चौरस मीटरला ४००० मिलिग्रॅम, पण चार दिवसांत मिळून. म्हणजे दर दिवसाला १०००. औषध लिहून देताना मात्र ४००० हा आकडा रोजचा धरला गेला. आपल्याला अंदाज यावा म्हणून रुग्णाचा पृष्ठभाग १.६ चौरस मीटर धरून हिशेब करू. रोज १६०० मिलिग्रॅम द्यायचे, तेथे ६४०० गेले. चार दिवसांत ६४०० जायचे, तेथे २५,६०० गेले. बरोबर चौपट.

चार दिवस हे चालले आणि कोणाच्या लक्षात आले नाही. डॉक्टर होते, औषधनिर्माते होते, परिचारिका होत्या. प्रत्येकाने आपल्यापुढच्या कागदाप्रमाणे काम केले. कागदावर ४००० होते, ते पृष्ठभागाने गुणले तर येणारे उत्तर बरोबरच होते. शिवाय प्रयोगच मोठ्या मात्रेचा, त्यामुळे मोठा आकडा पाहून दचकायची सवय मोडलेली. लेमनला भयंकर त्रास झाला, पण अशा उपचारात त्रास होतोच, असे धरले गेले. ३ डिसेंबर १९९४ रोजी तिचा मृत्यू झाला. सायक्लोफॉस्फामाइडची अतिमात्रा हृदयाच्या स्नायूला इजा करते. तिचे हृदय निकामी झाले होते. त्याच सुमारास त्याच प्रयोगातल्या दुसऱ्या एका बाईलाही चौपट मात्रा मिळाली होती. ती वाचली, पण हृदयाला कायमची इजा घेऊन.

चूक उघडकीला आली फेब्रुवारी १९९५ मध्ये, आणि तीही डॉक्टरांकडून नव्हे. प्रयोगाची आकडेवारी नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याने नेहमीच्या पडताळणीत दिलेली मात्रा योजनेतल्या मात्रेशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही जुळेनात. मूळ योजनेचा कागद आणि प्रत्यक्ष दिलेला डोस हे दोन्ही एकत्र कोणीतरी पाहिले, ते तेव्हा पहिल्यांदा. तोवर दोन महिने उलटले होते.

दुसऱ्याने तपासायचे म्हणजे काय?

या घटनेने अमेरिकेतली रुग्णालये हादरली. डाना-फार्बरने औषधे लिहिण्याची सगळी पद्धत बदलली आणि ठरलेल्या कमाल मात्रेच्या वर गेले तर अडवणारी संगणक पद्धत आणली. १९९९ साली अमेरिकेत वैद्यकीय चुकांवर जो गाजलेला अहवाल निघाला, त्याच्या आरंभीच लेमनचे नाव आहे. पुढे २००४ मध्ये तिच्या राज्यात रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी तिच्याच नावाने सरकारी केंद्र स्थापन झाले.

यातून तपासणीविषयी जे उमगले, ते समजून घेण्यासारखे आहे. एकाने हिशेब करायचा आणि दुसऱ्याने तो पाहून ‘बरोबर आहे’ म्हणून सही करायची, ही खरी दुहेरी तपासणी नव्हे. समोर उत्तर दिसत असले की, डोळे तेच उत्तर वाचतात. दुकानातले बिल आपण स्वतः बेरीज न करता नुसते पाहिले तर चूक सापडते का? दुसऱ्याने पहिल्याचे उत्तर न पाहता स्वतः उंची-वजन घेऊन, पृष्ठभाग काढून, गुणाकार करून आपले उत्तर मांडायचे आणि मग दोन्ही ताडायची. जुळली नाहीत तर औषध थांबवायचे.

आणि एवढ्यानेही भागत नाही. लेमनच्या बाबतीत असे दोनदा गुणले असते, तरी उत्तर तेच आले असते! म्हणून तपासणाऱ्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नव्हे, तर उपचाराच्या मूळ लिखित योजनेवरून सुरुवात करायची असते. औषध कोणते, दर चौरस मीटरला किती, हा आकडा एका दिवसाचा की सगळ्या फेरीचा, फेरीतला आजचा दिवस कितवा आणि आजवर एकूण किती दिले गेले? शेवटचा प्रश्न डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधात फार महत्त्वाचा. ते हृदयाला बाधते आणि त्याचा परिणाम साठत जातो. आयुष्यभरात मिळून दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. आपल्या उदाहरणातल्या बाईंच्या चार फेऱ्यांत २४० होतात. पण पूर्वी दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात त्यांना हेच औषध मिळाले असेल आणि ते कागदावर नसेल, तर?

म्हणून आज चांगल्या कॅन्सर विभागात एक डोस चार टप्प्यांतून जातो. डॉक्टर चिठ्ठीवर नुसते ‘९५ मिलिग्रॅम’ लिहीत नाहीत. उंची, वजन, पृष्ठभाग, दर चौरस मीटरची मात्रा आणि आलेले उत्तर, हे सगळे लिहितात. औषधनिर्माता आपल्यापरीने तो हिशेब पुन्हा मांडतो आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट पाहतो. औषध भरताना किती मिलिलिटर भरले, हे दुसऱ्याकडून तपासून घेतले जाते. शेवटी खाटेजवळ दोन परिचारिका बाटलीवरचे नाव, नोंदणी क्रमांक, औषध, मात्रा आणि ते किती वेळात द्यायचे, हे पाहतात आणि रुग्णाकडूनच त्याचे पूर्ण नाव वदवून घेतात. ‘आता पुन्हा नाव काय विचारता? काल तर सांगितले!’ म्हणून रुग्ण वैतागतो. त्या प्रश्नामागे हे सगळे आहे.

सूत्राच्याही मर्यादा

पृष्ठभागाचा हिशेब म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. सारख्याच उंची-वजनाच्या दोन माणसांची यकृते आणि मूत्रपिंडे सारखी काम करतीलच असे नाही. एकाच मात्रेने एकाला काहीच होत नाही आणि दुसरा अंथरूण धरतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर रक्त तपासून पुढची मात्रा कमी करावी लागते. कार्बोप्लॅटिनसाठी तर १९८९ पासून वेगळेच सूत्र आहे. ते मूत्रपिंडे किती काम करतात, त्यावर चालते. अगदी तान्ह्या बाळांना पुष्कळ औषधे किलोच्या हिशेबाने देतात. काही नव्या औषधांची मात्रा सर्व प्रौढांना एकच असते. स्थूल रुग्णांना पूर्वी घाबरून कमी औषध दिले जाई. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने खऱ्या वजनावरूनच पूर्ण मात्रा काढावी, अशी शिफारस केली, कारण कमी मात्रेने गुणच कमी येण्याची भीती होती.

तेव्हा कॅल्क्युलेटर घेऊन डॉक्टरांची परीक्षा पाहायला जाऊ नये. आकड्यात फरक दिसला तर त्याला कारण असू शकते. पण विचारायला मात्र संकोचू नये. ‘मागच्या खेपेला ९५ होते, आज ८८ का?’ एवढा प्रश्न पुरे. उत्तर असेल तर ते लगेच मिळते. नसेल, तर डोस सुरू होण्याआधी कोणीतरी कागद पुन्हा उघडतो. घरच्यांनी एक वही ठेवावी. प्रत्येक फेरीची तारीख, त्या दिवशीचे वजन, औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि ही कितवी फेरी, एवढे लिहावे. गाव बदलले, रुग्णालय बदलले, तर ती वही पहिल्यांदा डॉक्टरांपुढे ठेवावी. चप्पल आणि जाड स्वेटर काढूनच काट्यावर उभे राहावे. आणि ताप आला, धाप लागली किंवा नेहमीपेक्षा वेगळे काही जाणवले, तर ‘केमोथेरपीत असे होतेच’ असे स्वतःशी म्हणून पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे.